गाठोडं नको, गौर म्हण

ताई, नमस्कार.
माझ्या मावसबहिणीला मागच्या आठवड्यात मुलगी झाली. ही धाकटी, थोरली चार वर्षांची आहे. या बहिणीलाही आम्ही ताईच म्हणतो, ती सध्या माहेरी कराडला आहे, मावशीकडे, आणि बाळंतपणासाठी आमची आजीपण तिकडेच येऊन राहिलीय. माझा भाऊ आणि वहिनी टोरांटोला असतात, त्याने इंग्रजीत मेसेज पाठवला आणि म्हणाला आजीला वाचून दाखवायचाय, मराठीत छान जुन्या वळणाचा करून दे. त्याचा मेसेज असा होता: "कॉन्ग्रॅच्युलेशन्स ऑन द अरायव्हल ऑफ युअर लिटल बंडल ऑफ जॉय! यू हॅव बीन ब्लेस्ड विथ अनदर ब्युटिफुल प्रिन्सेस. मे शी फिल युअर लाइफ विथ लव्ह, लाफ्टर अँड स्लीपलेस नाइट्स! वी कान्ट वेट टू होल्ड हर. विशिंग द प्राउड पेरेंट्स अँड बिग सिस्टर अ लाइफटाइम ऑफ हॅपिनेस."
मी केलं ते हे: "तुमच्या आनंदाच्या छोट्या गाठोड्याच्या आगमनाबद्दल अभिनंदन! तुम्हाला आणखी एका सुंदर राजकुमारीचा आशीर्वाद मिळाला आहे. ती तुमचे आयुष्य प्रेम, हास्य आणि निद्राहीन रात्रींनी भरून टाको! आम्ही तिला धरण्यासाठी वाट पाहू शकत नाही. अभिमानी पालकांना व मोठ्या बहिणीला आयुष्यभराच्या आनंदाच्या शुभेच्छा."
आईला वाचून दाखवलं तर ती हसून हसून खाली बसली. पण नक्की काय चुकलंय ते तिलाही सांगता येईना. दुसरीपण मुलगीच म्हणून आजी जरा गप्प गप्प आहे, त्यामुळे नीट लिहायचंय. बारशाच्या आधी हवंय. मदत कर ना.

---

अगं, आई हसली ते बरं झालं, आजीपर्यंत हे गेलं असतं तर तिने विचारलं असतं गाठोड्यात काय आलंय, धुणं का?

मी पण थोडी हसले, खोटं कशाला बोलू. पण तुझं मराठी वाईट नाहीये, एकही शब्द चुकीचा नाही, व्याकरण नीट आहे. गडबड अशी झालीय की इंग्रजीतला मेसेज कुणाशी बोलतोय आणि आपल्याकडे अशा वेळी कोण कुणाशी बोलतं, हेच वेगळं आहे, आणि तू शब्द बदललेस पण बोलणारी माणसं तीच ठेवलीस. भावाचा मेसेज अख्खा आई-बापाला उद्देशून आहे, तुम्हाला आनंद, तुमचं आयुष्य, तुमची राजकुमारी. आता आपल्या घरात बाळ झाल्याचा फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न काय असतो आठवून बघ. "बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना?" मुलगा का मुलगी हे सुद्धा त्याच्या नंतर. म्हणजे आधी बाळंतिणीची चौकशी, मग बाळाला आशीर्वाद, मग घरातल्या मोठ्या माणसांना त्यांचा मान. हा क्रम लावलास की निम्मं काम झालं, शब्द मग आपोआप सुचतात, कारण ते तू लहानपणापासून ऐकलेलेच आहेत.

त्यामुळे पहिलं वाक्य अभिनंदनाचं नकोच. पहिलं वाक्य हे: "ताई, तू सुखरूप बाळंत झालीस हे कळलं आणि जीव भांड्यात पडला." आजी ऐकताना इथेच मान हलवेल बघ. भावाच्या इंग्रजीत हे कुठेच नाही, पण त्याला विचारलंस तर तो म्हणेल हो की, मला तेच वाटलं होतं. इंग्रजीत असं लिहायची पद्धत नाही एवढंच.

आता गाठोडं. इंग्रजीतलं ते बंडल म्हणजे कपड्यात गुंडाळलेलं बाळ, डोळ्यासमोर आण, नुसता चेहरा बाहेर आणि बाकी सगळं गुंडाळलेलं. आपल्याकडे तेच बाळ दुपट्यात असतं, डोक्याला टोपडं नाहीतर कुंची. गाठोडं म्हटलं की कपडे बांधलेली गाठ डोळ्यासमोर येते, नाहीतर घर सोडून निघालेलं माणूस. ते चित्र ठेवायचंच असेल तर "दुपट्यातली छकुली" म्हण, काम झालं. "आनंदाचं" वगैरे लावायची गरज नाही, दुपटं म्हटल्यावर आनंद आहेच त्यात.

"आगमन" पण काढ. आगमन गणपतीचं होतं, पाहुण्यांचं होतं, आणि चौकातल्या फ्लेक्सवर साहेबांचं होतं. घरातलं बाळ "येतं". कन्यारत्न, पुत्ररत्न, प्राप्ती, हे शब्द घरातल्यांनी बाहेरच्यांना कळवायचे, पत्रिकेत नाहीतर पेपरात. "आमच्या घरी कन्यारत्न झाले" असं दाजी म्हणू शकतात. मामाने उलट त्यांनाच "तुम्हाला कन्यारत्न प्राप्त झाले" सांगितलं तर ते सरकारी पत्र वाटतं. पारंपरिक म्हणजे संस्कृत शब्द जास्त, असा एक समज आहे तो डोक्यातून काढून टाक. आजी स्वतः काय बोलेल ते पारंपरिक.

"ब्लेस्ड विथ" ची भानगड जरा बारीक आहे. इंग्रजीत देव देतो म्हणून ब्लेस्ड. मराठीत आशीर्वाद ही तोंडाने द्यायची गोष्ट आहे, कुणीतरी मोठं माणूस डोक्यावर हात ठेवून देतं, त्यामुळे "राजकुमारीचा आशीर्वाद मिळाला" याचा अर्थ असा निघतो की कुठलीतरी राजकुमारी कराडला येऊन तुम्हाला आशीर्वाद देऊन गेली! मग वाटतं की "देवानं पदरात टाकली" म्हणावं. ओळखीचं वाटतं ना? पण थांब, इथे खड्डा आहे. "पदरात पडलं आणि पवित्र झालं" ही म्हण आपण कधी वापरतो? जे मिळालं ते मनासारखं नाही पण आता काय, घ्या गोड मानून. दुसऱ्या मुलीच्या वेळी "पदरात" हा शब्द आला की ऐकणाऱ्याच्या डोक्यात ती म्हण वाजतेच. तुझ्या मनात नसलं तरी वाजते.

आणि त्याहून मोठा खड्डा "अनदर" चा. "आणखी एक सुंदर राजकुमारी" हे इंग्रजीत कौतुक आहे, अजून एक मिळाली, वा! मराठीत "आणखी एक" म्हणजे मोजणी सुरू झाली. "आणखी एक मुलगी" हे वाक्य आपल्याकडे कुठल्या सुरात बोललं जातं ते तुला मी सांगायला नको. "दुसरी" पण त्याच वळणाचं, "दुसरी पण मुलगीच का" मधली दुसरी. यावर साधा उपाय आपल्या घरातच आहे, थोरली आणि धाकटी. हे दोन शब्द मोजत नाहीत, ते नातं सांगतात. पूर्ण मेसेजमधे दुसरी, आणखी, परत, पुन्हा यातलं काहीही येऊ देऊ नकोस.

त्याच कारणाने काही नेहमीची वाक्यं इथे चालणार नाहीत, जी तुला कुणीतरी सुचवेलच. "पहिली बेटी धनाची पेटी" म्हणजे पहिलीच्या वेळी म्हणायचं, आणि खरं सांगू का, तेव्हाही ते बऱ्याचदा समजूत घातल्यासारखंच वाटतं. "लक्ष्मी आली" छान आहे पण त्याच्या आधी "असू दे" किंवा नंतर "हो" लागला की संपलं, "असू दे, लक्ष्मी आली हो" हे सांत्वन आहे, अभिनंदन नाही. "घराचं गोकुळ होवो" तर अजिबात नको, गोकुळ म्हणजे पोराबाळांनी भरलेलं घर, दोन मुली झाल्यावर तसं लिहिलं की अजून येऊ द्या असं होतं, आणि कुणासाठी येऊ द्या तेही सगळ्यांना कळतं. मी एकदा हे ऑफिसातल्या एका मैत्रिणीला कार्डावर लिहून दिलेलं आहे, तिच्या तिसऱ्या बाळाच्या वेळी, चांगल्या मनाने. तिने कार्ड वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "गोकुळ झालंय गं, आता ऑपरेशन पण झालंय." चहा संपेपर्यंत मी मान वर केली नाही.

मग आजीला पटेल आणि ताईला बोचणार नाही असं काय? माझ्या मते तुझ्याच घरात दरवर्षी भाद्रपदात येतं ते. गौरी.

बघ, तुमच्या भागात बऱ्याच घरी मुखवट्याच्या दोन गौरी उभ्या करतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, एक थोरली एक धाकटी. एकटी गौर बसवलेली त्या घरांत आजीने पाहिलेली नसणार. आवाहनाच्या दिवशी दारापासून आतपर्यंत हळदी-कुंकवाची पावलं काढतात, ताट वाजवत गौर घरभर फिरवतात, आणि म्हणतात गौरी आली सोन्याच्या पावलांनी आली. भावाच्या "अरायव्हल" ला यापेक्षा चांगला मराठी शब्द मला तरी माहीत नाही. आणि "अनदर" चं काय करायचं हा प्रश्नच उरत नाही, कारण गौरींच्या बाबतीत दोन म्हणजे जास्त नाहीत, दोन म्हणजे पूर्ण. म्हणून वाक्य असं कर: "थोरली गौर घरात होतीच, आता धाकटीही सोनपावलांनी आली. जोडी जमली."

फक्त इथेच थांबायचं हं. गौरी तिसऱ्या दिवशी जातात, त्यामुळे ते रूपक पुढे ओढत नेलं, गौरी जेवल्या, गौरी निघाल्या, असं काहीतरी सुचलं तर लिहू नको. आलं, जोडी जमली, पूर्णविराम. आणि तुमच्या घरी खड्याच्या किंवा तेरड्याच्या गौरी असतील, किंवा गौरी नसतीलच, तर आधी आईला विचार, कारण मग जोडीचा मुद्दा आजीच्या मनात तितका बसणार नाही. तेव्हा नुसतं "धाकटी लेक सोनपावलांनी आली" पुरे आहे.

आता "मे शी फिल". शाळेत आपल्याला शिकवतात मे म्हणजे "-ओ", होवो, लाभो, राहो, आणि मग आपण एकामागून एक लावत सुटतो. "सुख लाभो, आनंद बरसो, कीर्ती पसरो" हे वाढदिवसाच्या बॅनरचं मराठी आहे. घरातलं मोठं माणूस बाळाला आशीर्वाद देताना बाळाशीच बोलतं, सरळ आज्ञा करतं: औक्षवंत हो. मोठी हो. शहाणी हो. यातला "हो" आज्ञेचा आहे, शाळेतलं ते "-ओ" नाहीच. औक्ष म्हणजे आयुष्य, औक्षण करतो त्यातलंच, त्यामुळे दीर्घायुषी, चिरायू, उदंड आयुष्य लाभो वगैरेच्या जागी हा एक शब्द पुरतो आणि आजीच्या कानाला ओळखीचा आहे. आणि "भरून टाको" मधला "टाको" तर काढच, टाकणं हे मोडून टाकणं, संपवून टाकणंच्या रांगेतलं वाटतं, आशीर्वादात कशाला?

यात एक गोष्ट बघून घे, आशीर्वाद कोण देतंय. भाऊ बाळाचा मामा आहे, मामा-मामी आशीर्वाद देऊ शकतात, बिनधास्त. पण तो ताईपेक्षा लहान आहे ना? मग ताईला आणि दाजींना आशीर्वाद नाही, त्यांना अभिनंदन. आजीला आणि मावशीला दोन्ही नाही, त्यांना नमस्कार. इंग्रजीत एकच "विशिंग" सगळ्यांना पुरतं, आपल्याकडे तीन वेगळे शब्द लागतात, आणि चुकलं तर मोठी माणसं बोलत नाहीत काही पण त्यांना खटकतं. "यू" चंही तेच. ताईला तू, दाजींना तुम्ही, छकुलीला तू, आजीला जशी तुम्ही म्हणत असाल तशी. तू सगळीकडे "तुम्ही, तुमचे" केलंस म्हणून ताई एकदम परकी झाली.

स्लीपलेस नाइट्स हा इंग्रजीत गोड विनोद आहे, तिकडे सगळे करतात. मराठीत "निद्राहीन रात्री" म्हणजे कुणीतरी आजारी आहे नाहीतर कर्ज झालंय. आणि मुळात आशीर्वादाच्या वाक्यात त्रास मागायचा नसतो, गंमत म्हणूनही नाही, आजी लगेच "असं बोलू नये" म्हणेल. पण विनोद वाया घालवू नको. तो आशीर्वादातून काढून बाळाच्या कानात घाल: "आणि रात्री आईला जरा झोपू दे गं बये." त्रासाचा उल्लेख तोच राहिला, फक्त आता तो बाळाशी लाडाने केलेला करार झाला. ताई सध्या ज्या अवस्थेत असेल ते बघता हे वाक्य तिला सगळ्यात जास्त आवडेल असा माझा अंदाज आहे.

"कान्ट वेट" ला मराठीत शब्द नाही, अख्खी वाक्याची घडी आहे: कधी एकदा अमुक करतो असं झालंय. "कधी एकदा तुला मांडीवर घेतोय असं झालंय." तुझं "वाट पाहू शकत नाही" म्हणजे आम्हाला वेळ नाही, आम्ही निघालो. आणि "धरण्यासाठी" तर बाई, चोराला धरतात. बाळाला घेतात.

"ब्युटिफुल" बद्दल एक. फोटो बघून किती सुंदर, किती गोरी, किती गुटगुटीत असं थेट लिहायची आपल्याकडे रीत नाही, जुन्या बायका तर तान्ह्याचं वजनही विचारलं की विषय बदलतात. तू मानतेस का नाही हा प्रश्न वेगळा, पण वाचणारी आजी आहे. कौतुक करायचं आणि लगेच दृष्टीचं नाव काढायचं, म्हणजे ते चालतं. यात मला एक फायदा दिसतो तो सांगते. आजी गप्प आहे म्हणालीस ना, तर तिला समजावणारं काही लिहू नको, मुलगा-मुलगी समान वगैरे बिलकुल नको, मेसेजमधे लिहिलं की सगळ्यांसमोर तिच्यावर बोट दाखवल्यासारखं होतं आणि ताईलाही कळतं की घरात काय चाललंय ते टोरांटोपर्यंत पोचलंय. त्यापेक्षा तिला काम दे. दृष्ट काढायचं काम घरात आजीचंच असतं, मीठ-मोहरी तिच्याच मुठीत शोभते. "आजी, दोन पणत्यांची पणजी झालीस, दोघींची दृष्ट आता तूच काढ." पणत्या हा शब्द इथे दोन्ही अर्थांनी लागतो, पण तो तसाच राहू दे, "वंशाचा दिवा नाही तर पणती" असली घोषणा करून समजावत बसू नको. ज्याला लागायचा त्याला लागेल.

प्राउड पेरेंट्स सोडून दे. "अभिमानी" म्हणजे आपल्याकडे ताठ मानेचा माणूस, आणि "पालक" शाळेच्या मीटिंगला येतात (किंवा भाजीत). प्राउडच्या जागी मराठीत "कौतुक" असतं आणि ते कौतुक थोरलीला दे, तिला त्याची जास्त गरज आहे, चार वर्षांची आहे, गेला आठवडाभर सगळं घर बाळाभोवती आहे. "बिग सिस्टर" चं "मोठी बहीण" करू नको, "ताई" कर. "आता तू ताई झालीस" हे तिला कुणी मोठ्याने वाचून दाखवलं की बघ ती कशी येते. तिचं घरातलं लाडाचं नाव असेल ते घाल, पाळण्यातलं नको.

"लाइफटाइम ऑफ हॅपिनेस" ला कुणी "नांदा सौख्यभरे" सुचवलं तर ते लग्नातलं आहे, अक्षता टाकताना म्हणायचं. मी असे बाळाचे मेसेज पाहिलेत हो, म्हणून सांगतेय. हे वाक्य पूर्ण गाळलंस तरी काही कमी पडत नाही.

तर हे सगळं धरून मी असं लिहीन. यातलं जे तुमच्या घरात बोलत नाहीत ते बदल.

"ताई,
तू सुखरूप बाळंत झालीस हे कळलं आणि आमचा जीव भांड्यात पडला. तुझं आणि दाजींचं मनापासून अभिनंदन. थोरली गौर घरात होतीच, आता धाकटीही सोनपावलांनी आली. जोडी जमली बघ.
छकुले, औक्षवंत हो. हसत-खेळत मोठी हो, आणि रात्री आईला जरा झोपू दे गं बये. दुपट्यातला तुझा फोटो दिवसातून दहा वेळा बघतोय, कधी एकदा तुला मांडीवर घेतोय असं झालंय मामा-मामीला.
आणि आमच्या थोरल्या बाईसाहेब, आता तुम्ही ताई झालात हं! बाळाला सांभाळताय म्हणे, फार कौतुक वाटलं.
ताई, मावशी देईल ते अळीव नि डिंकाचे लाडू नाही म्हणू नकोस. सव्वा महिना पुरती विश्रांती घे. दाजी, तुम्ही पेढे तयार ठेवा, आम्हाला कंदीच लागतील.
मावशी, काकांना नमस्कार. आजी, तुलाही नमस्कार. दोन पणत्यांची पणजी झालीस, दोघींची दृष्ट आता तूच काढ.
तुमचे,
मामा-मामी, टोरांटो"

पेढ्यांचं मी मुद्दाम घातलंय. अजूनही कितीतरी घरात मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी नाहीतर जिलबी वाटतात. मामाने धाकटीचे पेढे मागितले, आणि ते पण साताऱ्याचे कंदी, की जे म्हणायचं ते म्हणून झालं, कुणाला शिकवावं लागलं नाही. तुमच्याकडे दाजींची थट्टा चालत नसेल तर मात्र ते वाक्य काढ, काही घरात दाजी फार मानाचे असतात.

मेसेज मूळच्यापेक्षा लांब झालाय, माहितीये. पण हा आजीला मोठ्याने वाचून दाखवायचाय, आणि ऐकताना प्रत्येक माणूस आपलं नाव कधी येतं याची वाट बघत असतो. पाठवायच्या आधी तू स्वतः एकदा आवाज काढून वाच. जिथे तुझी जीभ अडखळेल किंवा तुला बातम्या वाचल्यासारखं वाटेल ते वाक्य अजून इंग्रजीतच आहे असं समज आणि मोडून परत लिही.

भावाच्या ऑफिसातलं कुणी किंवा लांबची ओळख असेल तर एवढं सगळं नको, तिथे "बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत हे ऐकून खूप आनंद झाला. तुम्हा दोघांचं अभिनंदन आणि बाळाला अनेक आशीर्वाद" पुरतं. "बाळ" लिहिलं की मुलगा-मुलगी माहीत नसलं तरी अडत नाही, फक्त मग पुढे शेवटपर्यंत "ते बाळ, त्याला" असंच ठेव, मधेच "तिला" आलं की गोंधळ. आणि एक, बाळ जर काचेच्या पेटीत असेल, दिवस भरायच्या आधी झालं असेल, तर यातलं काहीही पाठवू नये, गौर नाही, पेढे नाहीत, अभिनंदन पण नाही. "बाळ-बाळंतिणीची तब्येत कशी आहे? काही लागलं तर मध्यरात्रीही फोन कर" एवढंच. बाळ घरी आलं की मग हवं तेवढं लिही.

बारशाला सगळ्यांसमोर वाचणार असाल तर बाळाला पाळण्यात घालायच्या आधी वाच. एकदा आत्याने कानात कुर्रर्र केलं की तिच्या पाठीवर धपाटे सुरू होतात, पाठोपाठ घुगऱ्या येतात, आणि मग टोरांटोच्या मामाचं कुणी ऐकत नाही.